चोवीस तासांनंतरचा महिना

ओल्या कचऱ्याचं यंत्र विकायला आलेला माणूस कमिटीच्या बैठकीत बहुतेक वेळा एक बरणी घेऊन येतो. बरणीत तपकिरी, कोरडी, दाणेदार भुकटी असते आणि तिला जरासा भाजल्यासारखा वास येतो. काल सकाळी ही भाज्यांची सालं, उरलेला भात आणि चहाचा चोथा होती, आज खत झालं, असं तो सांगतो. यंत्राच्या पत्रकातही तेच छापलेलं असतं: शंभर किलो कचरा घाला, चोवीस तासांत दहा-पंधरा किलो खत काढा. दुर्गंधी नाही, माश्या नाहीत, जागा लागत नाही.

कचरा एका दिवसात खूप कमी होतो, हे खरं आहे. यंत्र नीट चाललं तर दुर्गंधी आटोक्यात राहते, हेही खरं. पण बरणीतली ती भुकटी खत नसते. ते वाळवून दळलेलं अन्न असतं. त्याचं खत व्हायला पुढचा साधारण महिना लागतो, आणि त्या महिन्याची जागा, माणूस आणि पद्धत सोसायटीने आधी ठरवलेली नसेल तर लाखो रुपयांचं यंत्र वर्षभरात ताडपत्रीखाली जातं. म्हणून यंत्र कोणतं घ्यायचं हे ठरवण्यापूर्वी ते आत नेमकं काय करतं, हे समजून घ्यावं लागतं.

सोसायट्या या वाटेला लागल्या त्यामागे कायदा आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, आणि रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं. महापालिकांच्या नोटिसा सुरू झाल्या. घाईत यंत्रं घेतली गेली. यंत्राचं गणित मात्र फार थोड्या कमिट्यांनी मांडलं.

ते गणित पाण्याचं आहे. पुण्यातली १६० घरांची एक सोसायटी डोळ्यांसमोर ठेवू. चार माणसांच्या घरातून दिवसाला साधारण सहाशे ग्रॅम ओला कचरा निघतो असं धरलं, तर रोजचा आकडा शंभर किलोच्या आसपास जातो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असतं. आपण पंचाहत्तर धरू. म्हणजे शंभर किलोत ७५ किलो पाणी आणि फक्त २५ किलो घन भाग.

यंत्र म्हणजे आडवी टाकी. तिच्या भिंतीला हीटर असतात, आत शाफ्टवर बसवलेली पाती असतात. पाती थोडा वेळ सुलट, थोडा वेळ उलट फिरून माल ढवळतात. आतलं तापमान साठ-सत्तर अंशांपर्यंत जातं आणि पंखा वाफ बाहेर ओढतो. चोवीस तासांत जे वजन घटतं, ते मुख्यतः या वाफेचं. आत टाकलेले जंतू काही खातात, पण एका दिवसात त्यांच्याकडून दोन-तीन किलो घन भाग संपला तरी पुष्कळ झालं. बाकीचा घन भाग तसाच राहतो आणि त्यात थोडं पाणीही उरतं. म्हणून शंभर किलोतून प्रामाणिकपणे निघायला हवेत तीसएक किलो. कोणी दहा किलो सांगत असेल, तर पंधरा किलोहून जास्त घन भाग एका रात्रीत कुठे गेला, हे त्याने सांगायला हवं. नीट सांभाळलेल्या ढिगातही घन भाग निम्म्यावर यायला कित्येक आठवडे लागतात.

वीजही याच हिशेबातून कळते. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, हा आकडा बदलत नाही. आपल्या शंभर किलोतून ६७ किलो पाणी उडवायचं, तर त्यालाच ४२ युनिट हवेत. गार कचरा तापवायला आणखी चार-पाच, शिवाय मोटर, पंखा आणि टाकीच्या भिंतीतून जाणारी उष्णता. जंतूंच्या स्वतःच्या ऊबेमुळे त्यातले थोडे वाचतात. एकूण खर्च पन्नास युनिटच्या आसपास येतो. पत्रकात शंभर किलोला दिवसाला बारा-पंधरा युनिट लिहिलेले असतील, तर तीनांपैकी एक गोष्ट असते: तो आकडा नुसत्या मोटरचा असेल, यंत्र माल वाळवत नसेल, किंवा पाणी आधीच पिळून गटारात सोडलं जात असेल. युनिटला दहा रुपये धरले तर पन्नास युनिटचे दिवसाला पाचशे आणि महिन्याला पंधरा हजार होतात, म्हणजे घरटी चौऱ्याण्णव रुपये. हा बोजा फार नाही. पण तो एजीएममध्ये आधी सांगितलेला असावा. पहिलं बिल आल्यावर कळला की भांडणं होतात. तुमच्या बिलावरचा दर घालून हे पुन्हा मांडून पाहा.

आता पुढचा महिना. यंत्रातून निघालेल्या भुकटीत साखर, पिष्ट, तेल सगळं शाबूत असतं, फक्त कोरडं झाल्यामुळे शांत असतं. ती कुंडीत घालून पाणी दिलं की ती जागी होते. दोन दिवसांत वर पांढरी बुरशी येते आणि माती गरम लागते. मुळांशी कुजण्याचं काम सुरू होतं. ते करणारे जंतू मातीतला प्राणवायू आणि नत्र ओढून घेतात, वर आम्ल सोडतात, आणि रोप पिवळं पडतं किंवा जळतं. आपल्या कचऱ्यात मीठही बरंच असतं: लोणचं, आमटी, पापड. पाणी उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे भुकटीत ते तिप्पट घट्ट होतं. अनेक सोसायट्यांमध्ये ‘आपल्या खताने तुळस मेली’ अशी तक्रार येते, तेव्हा दोष माळ्याचा नसतो. अर्धवट माल थेट वापरला गेलेला असतो.

हा माल मुरवायचा कसा, ते अवघड नाही. रोजच्या तीस किलो भुकटीत सुमारे पंधरा लिटर पाणी आणि चार-पाच किलो चुरलेला सुका पाला मिसळायचा. आधीच्या तयार खताच्या दोन-चार ओंजळी विरजणासारख्या घालायच्या. हे मिश्रण बाजूंना भोकं असलेल्या भाजीच्या क्रेटमध्ये भरायचं. पन्नास लिटरच्या क्रेटचा हिशेब धरला तर रोज दोन क्रेट भरतात, तीस दिवसांत साठ. पाच-पाचची चळत लावली तर बारा चळती होतात. त्यांच्यामधून चालायची वाट धरून शंभरएक चौरस फूट छपराखालची जागा लागते. दर आठवड्याला माल खालीवर करायचा आणि सुकला असेल तर पाणी शिंपडायचं. पहिल्या आठवड्यात क्रेट हाताला चांगली गरम लागते. ते चांगलं लक्षण आहे. खरं खत तेव्हा होत असतं.

इथे कोणीही विचारेल, की पन्नास युनिट जाळून पाणी उडवायचं आणि दुसऱ्या दिवशी पंधरा लिटर परत घालायचं, याला काय अर्थ? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि यंत्र घ्यावं की नाही याचं उत्तरही त्यातच आहे. दुसरी पद्धत अशी: कचरा साध्या श्रेडर-मिक्सरमधून काढायचा, त्यात पंधरा-वीस किलो लाकडाचा भुसा आणि कल्चर मिसळायचं आणि थेट क्रेटमध्ये भरायचं. वीज दोन-तीन युनिट. पण रोज पाच क्रेट भरतात, शंभरएक क्रेट सांभाळायच्या, जागा जवळजवळ दुप्पट लागते, आणि पहिले आठ-दहा दिवस ओल, माश्या आणि वास यांच्याकडे रोज लक्ष द्यावं लागतं. म्हणजे विजेच्या पैशांतून सोसायटी दोन गोष्टी विकत घेते: निम्मी जागा, आणि सर्वांत घाणेरड्या पहिल्या आठवड्यातून सुटका. ज्यांच्याकडे मागच्या बाजूला दोन-अडीचशे चौरस फूट मोकळी, हवेशीर जागा आहे आणि रोज काम करणारा भरवशाचा माणूस आहे, त्यांनी तापवणारं यंत्र घेऊ नये असं माझं मत आहे. मुंबईत दोन इमारतींच्या मध्ये पार्किंगशिवाय काहीच नसतं, आणि तळमजल्यावरच्या घरांच्या खिडक्या दहा फुटांवर असतात. तिथे मात्र हे यंत्र खरोखर उपयोगी पडतं.

घ्यायचं ठरलं तर पहिलं काम वजनाचं. सलग दोन आठवडे रोजचा ओला कचरा काट्यावर तोलून वहीत लिहा. घरांच्या संख्येवरून विक्रेता जी क्षमता सुचवतो ती बहुधा चुकते. कुठे निम्मी घरं भाड्याने दिलेली आणि मुलं बाहेरून जेवण मागवणारी असतात, तर कुठे प्रत्येक घरात तीन पिढ्या. आंब्याच्या दिवसांत आणि गणपती-दिवाळीत आकडा चढतो. सरासरीवर पंचवीस टक्के जादा धरा. आणि जमत असेल तर सव्वाशे किलोच्या एका यंत्राऐवजी साठ-पासष्टची दोन घ्या. पैसे थोडे जास्त जातील. पण यंत्र बंद पडतंच. हीटर जळतो, चेन तुटते, गिअरबॉक्सचं सील गळतं, आणि सुटा भाग यायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात रोजचे शंभर किलो कुठे ठेवणार? दुसरं यंत्र असेल तर निम्म्याची तरी सोय होते. उरलेल्याचे भुशाचे थर देऊन क्रेट भरायच्या. त्यासाठी भुशाची चार पोती कायम कोरडी ठेवलेली असावीत.

दुसरं काम म्हणजे चाचणी, आणि ती तुमच्या कचऱ्यावर, तुमच्या आवारात. बरणी पाहून निर्णय घेऊ नका. विक्रेत्याला आठवडाभर यंत्र लावायला सांगा, त्याच्या लाइनवर सबमीटर बसवा आणि रोज तीन आकडे लिहा: आत गेलेलं वजन, बाहेर आलेलं वजन, लागलेले युनिट. वर मांडलेल्या हिशेबाशी ते पडताळा. बाहेर आलेलं वजन फारच कमी दिसलं, तर पाणी गटारात जातंय का किंवा माल आतच साठतोय का, ते पाहा. काही यंत्रांत माल सात-दहा दिवस आत राहतो आणि रोज थोडा थोडा बाहेर येतो. तापमान त्यांत कमी ठेवतात, वीजही कमी लागते, आणि बाहेर येणारा माल अर्धा तरी मुरलेला असतो. टाकी मोठी असल्याने ती महाग आणि अवजड असतात. तरी ‘माल आत किती दिवस राहतो’ हा प्रश्न प्रत्येक विक्रेत्याला विचारावा. चोवीस तास आणि दहा दिवस यांत जो फरक पडतो, तो कोणत्याही कल्चरच्या पुडीने भरून निघत नाही.

तिसरं, जिथे हेच यंत्र किमान दोन वर्षं चाललं आहे अशा सोसायटीत जा आणि सेक्रेटरींबरोबरच यंत्र चालवणाऱ्या माणसाशी बोला. किती वेळा बंद पडलं, कोण दुरुस्त करायला आलं, किती दिवसांनी आलं. करारात हे आकडे लिहून घ्या: तक्रारीनंतर किती तासांत मेकॅनिक येणार, हीटर आणि बेअरिंगची किंमत किती, एएमसीत काय धरलं आहे आणि काय नाही.

जागेबद्दल थोडं. यंत्राला थ्री-फेज जोडणी, स्वतःचा एमसीबी, अर्थ लीकेज ब्रेकर आणि चांगलं अर्थिंग लागतं. हीटरचा भार मोठा असल्याने सोसायटीचा मंजूर भार पुरतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. जनरेटरवर हीटर चालवू नका. बंद तळघर ही सर्वांत वाईट जागा, कारण रोज साठ-सत्तर लिटर पाण्याची वाफ आंबूस वास घेऊन बाहेर पडते. ती गच्चीपर्यंत नळीने न्यावी, किंवा लाकडाच्या ढलप्या आणि जुनं खत भरलेल्या ओलसर बायोफिल्टरमधून सोडावी. त्या थरातले जंतू वास खातात, पण थर सुकला की ते मरतात आणि वास तसाच बाहेर येतो. वाफ गार करून पाणी काढणारं यंत्र असेल तर ते पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत किंवा एसटीपीत सोडा. पावसाच्या गटारात नको. ते आंबट आणि कुजकट असतं.

आता रोजची सकाळ. पुण्यातल्या एका सोसायटीत यंत्र चालवणाऱ्या मावशींचं काम मी पाहत होतो. साडेनऊला कचरा आला की त्या तो आधी पत्र्याच्या जाळीदार टेबलावर ओततात. पातळ आमटी, ताक, डाळ जाळीतून खालच्या बादलीत जाते. हे पाणी बाहेरच निथळलं तर तेवढी वीज वाचते. मग हातमोजे घालून त्या माल पसरतात. माझ्यासमोर त्यातून निघालं ते असं: दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, रबर बँड, एक स्टीलचा चमचा, फळांवरचे स्टिकर, आणि हाराचा दोरा. ‘चमचा बरा, दादा,’ त्या म्हणाल्या, ‘आवाज तरी करतो. दोरा गपचूप गुंडाळतो.’ मागच्या दारातून त्यांनी शाफ्टचं टोक दाखवलं. बेअरिंगच्या अलीकडे दोरा, केस आणि नारळाच्या शेंड्यांचा मनगटाएवढा घट्ट वेढा बसला होता. असा वेढा वाढत गेला की सील फाटतं आणि आंबट रस बेअरिंगमध्ये शिरतो. मोटरचा आवाज जड होतो आणि मग ती ट्रिप होते. म्हणून निर्माल्यातले हार दोरा कापून, फुलं सुटी करूनच आत जायला हवेत. मावशी आठवड्यातून एकदा मुख्य स्विच बंद करतात, त्याला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचतात आणि मगच तो वेढा कापून काढतात. ही किल्लीची सवय सगळीकडे हवी. झाकण उघडल्यावर पाती थांबवणारा स्विच यंत्रात असतो, पण तो बिघडला किंवा कोणी मुद्दाम तारेने जोडून ठेवला, तर हात जातो.

करवंट्या, मोठी हाडं, आंब्याच्या कोयी, उसाची चिपाडं, मक्याची बुरकुंडं आत घालायची नाहीत. चोवीस तासांत त्यांना काही होत नाही, आणि पाती वाकतात. फणसाची साल आणि कोबीचे मोठे देठ आधी बारीक करून घालायचे. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्याही नको. त्यांना विरघळायला आठवडे लागतात. यंत्रात त्या नुसत्या पात्यांना गुंडाळतात. तळणीचं तेल अजिबात नको.

यंत्र पहिल्यांदा सुरू करताना टाकी रिकामी नसावी. तळाशी भुसा किंवा कोकोपीट, त्यात जुनं खत आणि कल्चर, असा साधारण एक तृतीयांश थर हवा. पहिला आठवडा निम्माच कचरा घालायचा. पुढे रोज माल काढतानाही एक तृतीयांश आतच ठेवायचा, कारण नव्या ओल्या कचऱ्याला सुटसुटीत ठेवण्याचं आणि जंतू पुरवण्याचं काम तोच करतो. पूर्ण रिकामी टाकी आणि वर शंभर किलो ओला माल, ही बिघाडाची खात्रीशीर कृती आहे.

बिघाड नाकाला आणि हाताला आधी कळतो, पॅनेलवर नंतर. हातमोजा घालून मूठभर माल आवळा. गोळा झाला आणि बोटांतून पाणी आलं नाही, तर ओल ठीक. पाणी टपकलं तर भुसा वाढवा. गोळा कणकेसारखा चिकट वाटला, तर त्या दिवशी भात, पोळ्या आणि पाव जास्त आले आहेत; सोमवारी आणि लग्नसराईत हे हटकून होतं. पिष्ट तापून खळीसारखं होतं, त्याचे गोळे पात्यांवर फिरत राहतात, आतपर्यंत हवा जात नाही आणि गोळ्याच्या पोटात माल आंबतो. अशा दिवशी भात-पोळ्या दोन-तीन दिवसांत वाटून घालायच्या आणि प्रत्येक घमेल्यामागे ओंजळभर भुसा.

आंबट, व्हिनेगरसारखा वास आला की माल आम्लात गेला आहे. हवेशिवाय कुजणं सुरू झाल्यावर जी आम्लं बनतात त्यांनी जंतू मंदावतात, आणि घाबरलेला ऑपरेटर तापमान सत्तरच्या वर नेतो. तिथे उपयोगी जंतूंपैकी बहुतेक मरतात, कारण त्यांचं काम पन्नास ते साठ अंशांत सर्वांत चांगलं चालतं. अशा वेळी तापमान खाली आणावं, एक दिवस नवा कचरा घालू नये, भुसा आणि जुनं खत घालून पाती फिरवत ठेवावी. सडक्या अंड्याचा वास हवा फारच कमी असल्याचं सांगतो. वाफ ओढणाऱ्या पंख्याची जाळी तुपकट धुळीने बंद झालेली असते, ती धुवा. नाकाला झोंबणारा अमोनिया आला तर मासळी, मटण किंवा डाळी जास्त झाल्या आहेत, सुका पाला आणि भुसा वाढवा. पावसाळ्यात हे सगळंच वाढतं, कारण भुसा स्वतःच ओला येतो आणि कोरडी भुकटी हवेतलं पाणी ओढून दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. ती उघड्या पोत्यांत साठवून ठेवू नये. काढल्यावर गार करून त्याच दिवशी क्रेटमध्ये मुरायला घालावी. गरम, तेलकट भुकटीचा मोठा ढीग आतून आणखी तापू शकतो, म्हणून गार करणं महत्त्वाचं.

महिन्यानंतर खत तयार झालं की नाही, हे पाहायचे दोन सोपे उपाय आहेत. मूठभर खत मुठीच्या परीक्षेइतकं ओलं करून झिपच्या पिशवीत बंद करा आणि तीन दिवस सावलीत ठेवा. पिशवी फुगली किंवा उघडल्यावर आंबट-कुजकट वास आला, तर माल अजून कच्चा. पावसानंतरच्या मातीचा वास आला तर पहिली परीक्षा झाली. दुसरी बियांची. जगभर या परीक्षेसाठी ज्या वनस्पतीचं बी वापरतात ते आपलं अळीव. बाळंतिणीच्या लाडवांतलं. एका वाटीत नुसती माती, दुसरीत तीन भाग माती आणि एक भाग खत घ्या. दोन्हींत वीस-वीस बिया पेरा. चार-पाच दिवसांत दोन्हीकडे सारखी उगवण दिसली, तर खत कुंडीत जायला तयार आहे. दुसऱ्या वाटीत निम्म्याच बिया उगवल्या किंवा मुळांची टोकं तपकिरी पडली, तर आणखी दोन आठवडे मुरू द्या.

मिठाचं उत्तर अळीव पूर्णपणे देत नाही. त्यासाठी वर्षातून दोनदा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा आणि तीन गोष्टी मागाव्यात: कर्ब-नत्र गुणोत्तर, सामू आणि विद्युत वाहकता. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत: कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, सामू ६.५ ते ७.५, वाहकता ४ पेक्षा जास्त नाही. यंत्रातून थेट निघालेली भुकटी यांतल्या पहिल्या अटीत सहसा बसत नाही. मुरवलेला माल बसतो. वाहकता मात्र मुरवूनही फारशी खाली येत नाही, कारण मीठ कुठेच गेलेलं नसतं. ती जास्त आली तर सुका पाला आणि बागेतला कचरा वाढवायचा, उरलेलं शिजलेलं अन्न आणखी निथळून घालायचं, आणि कुंडीत खताचं प्रमाण चौथ्याऐवजी आठवा भाग ठेवायचं.

शेवटचा प्रश्न खत जाणार कुठे हा. मुरताना माल आणखी घटतो, तरी आपल्या १६० घरांच्या सोसायटीत वर्षाला सात-आठ टन खत तयार होईल. बागेला चौरस मीटरमागे वर्षाला दोनेक किलो पुरतं, म्हणजे हजार चौरस मीटरची बाग दोन टन घेईल. घरोघरच्या कुंड्या फार तर आणखी एखाद टन. उरलेलं पाच टन खत कोण नेणार, हे यंत्राच्या ऑर्डरवर सही करण्यापूर्वी ठरवावं. जवळची रोपवाटिका, महापालिकेचं उद्यान खातं, किंवा सभासदांपैकी कोणाची गावची शेती, यांच्याशी आधीच बोलून ठेवावं. विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेशाची मानकं पाळावी लागतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. फुकट द्यायचं असलं तरी तो अहवाल सोबत द्यावा, म्हणजे घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं मीठ किती आणि वाफ्याला किती घालायचं, हे आधी कळेल.